गुडघ्याची वाटी आणि किलोमीटरचा हिशेब

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की पुण्यातले हौशी धावपटू घाट शोधायला लागतात. यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि त्याच वाटेनं खाली उतरायचं, अशी ही स्पर्धा. तिला सपाट रस्त्यावरचा सराव पुरत नाही. मग पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे मंडळी बोपदेव घाटाकडे वळतात, आणि काही आठवड्यांतच त्यातल्या काही जणांच्या तोंडी एकच तक्रार येते. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, नेमकं कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही, जिना उतरताना जास्त जाणवतं.

अशा तक्रारीचं एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या चाळिशीच्या एक बाई. तीन-चार वर्षं नियमित धावतात. मंगळवारी आणि गुरुवारी सहा-सहा किलोमीटर, रविवारी दहा, म्हणजे आठवड्याचे २२. साताऱ्याला नाव नोंदवलं आणि तीन आठवड्यांत २२ चे ३६ झाले. रविवारची धाव दहावरून बारा झाली आणि मग एकदम सोळा, तीही घाटात. त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरला. गुरुवारी चौथ्या किलोमीटरला वाटीमागे बोथट ठणका सुरू झाला, आणि शनिवारी दोन तासांच्या बसप्रवासात पाय लांब करायला जागा नाही म्हणून त्या हैराण झाल्या.

त्यांनी बहुतेक जण करतात तेच केलं. दोन आठवडे धावणं पूर्ण बंद. दुखणं थांबलं. "बरं झालं," म्हणून रविवारी पुन्हा दहा किलोमीटरला निघाल्या आणि पाचव्या किलोमीटरला गुडघा पुन्हा होता तिथेच आला. घरातून सल्ला मिळाला, "वाटी घासलीय तुझी, आता पळणं पुरे."

वाटी घासलेली नव्हती. धावणाऱ्यांच्या दुखण्यांमध्ये हे दुखणं फार जुनं आणि सगळ्यांत जास्त आढळणारं आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या क्रीडावैद्यक केंद्रात आलेल्या २,००२ जखमी धावपटूंच्या नोंदी २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत पहिला क्रमांक याच दुखण्याचा होता, जवळपास दर सहा जणांमागे एकाला. त्यात बहुतेकदा काही तुटलेलं नसतं, फाटलेलं नसतं, आणि एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये दुखण्याचं कारण म्हणून दाखवता येईल असं काही सापडत नाही. निदान तक्रारींवरून आणि तपासणीवरून होतं. उकिडवं बसताना, जिन्यावर, धावताना आणि गुडघा दुमडून बराच वेळ बसल्यावर वाटीच्या मागे किंवा भोवती दुखत असेल, तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट असतं. यातली सगळ्यांत उपयोगी खूण उकिडवं बसण्याची. हे दुखणं असलेल्या दर पाचांपैकी साधारण चौघांना त्या हालचालीत दुखतं.

मात्र गुडघ्यातलं प्रत्येक दुखणं हे नव्हे. गुडघा सुजला, मध्येच अडकला, वजन टाकताना दगा देऊ लागला, पडल्यावर किंवा मुरगळल्यावर दुखू लागला किंवा रात्री झोपेतून उठवू लागला, तर अस्थितज्ज्ञाकडे जायला हवं. वाटीच्या खालच्या टोकावर एकाच बिंदूत दुखत असेल तर तिथल्या स्नायुबंधाचं दुखणं असू शकतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर कारण आणखी वेगळं. पुढे लिहिलेलं त्या दुखण्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही.

आता वाटी करते काय ते पाहू. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या कंडऱ्यात ही हाडाची वाटी बसवलेली असते, आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या खाचेतून ती वरखाली सरकते. गुडघा सरळ करायला स्नायूला जी ताकद लागते ती वाटीमुळे कमी होते. त्याची किंमत वाटीच चुकवते, कारण गुडघा वाकलेला असताना स्नायू ताणला गेला की वाटी त्या खाचेवर दाबली जाते. सपाट रस्त्यावर चालताना हा दाब साधारण शरीराच्या वजनाइतका असतो. जिन्यावर तो तिपटीच्या आसपास जातो, धावताना पाचपटीच्या आसपास. उतारावर धावताना पाय टेकल्यावर गुडघा अधिक वाकतो आणि मांडीच्या स्नायूला शरीर रोखून धरावं लागतं, म्हणून तिथे तो आणखी वाढतो.

पाचपट दाब ऐकून घाबरायचं कारण नाही. सवयीच्या गुडघ्याला तो पेलतो, आणि हळूहळू वाढवला तर गुडघा त्याहून जास्तही पेलायला शिकतो. २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्के आढळलं, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. या बाईंचा गुडघा धावण्यामुळे बिघडला नव्हता. तीन आठवड्यांत त्याच्याकडे जेवढं काम आलं, तेवढ्याची त्याला सवय नव्हती, एवढंच.

दोन आठवड्यांची विश्रांती का फसली, तेही यातूनच कळतं. विश्रांतीनं दुखरेपणा शमतो, पण त्या काळात पेलण्याची ताकद वाढत नाही. उलट थोडी घटते. मग माणूस थांबला होता त्याच अंतरावरून पुन्हा सुरू करतो. म्हणून अलीकडे फिजिओथेरपिस्ट धावणं सहसा बंद करायला लावत नाहीत, कमी करायला लावतात. हे मत कॅनडातल्या क्युबेकमध्ये झालेल्या एका चाचणीनं पक्कं केलं. हेच दुखणं असलेल्या ६९ धावपटूंचे तीन गट केले. एका गटाला फक्त धावण्याचा भार कसा सांभाळायचा ते शिकवलं, दुसऱ्याला त्याबरोबर व्यायाम दिले, तिसऱ्याला त्याबरोबर धावण्याची ढब बदलायला शिकवली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष व्यायामांवर भर देणाऱ्या अनेकांना पचायला जड गेला, पण त्यातून क्रम स्पष्ट झाला. आधी किलोमीटर, मग बाकीचं.

भार सांभाळायचा म्हणजे काय, याची मापंही त्याच चाचणीत होती आणि ती घरी वापरण्याइतकी सोपी आहेत. दुखणं शून्य ते दहा अशा पट्टीवर मोजायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. धावताना ते दोनच्या वर जाऊ द्यायचं नाही. धावणं संपल्यावर तासाभरात ते सुरुवातीच्या पातळीवर परत यायला हवं. अनेक फिजिओथेरपिस्ट याला तिसरी कसोटी जोडतात, दुसऱ्या दिवशी सकाळचा जिना. कालच्यापेक्षा आज जिना जास्त दुखला, तर कालची धाव गुडघ्याला जड गेली.

बाईंचा गुडघा सपाट रस्त्यावर पाचव्या किलोमीटरला बोलत होता. मग धाव चार किलोमीटरवर थांबवायची आणि आठवड्यात तीनऐवजी चार दिवस धावायचं, असं ठरलं. आठवड्याचे १६ किलोमीटर, सगळे सपाटीवर, बोलता येईल इतक्या संथ गतीनं. मोठी धाव मोडून लहान धावा करण्याचं कारण असं, की दुखणं सहसा एका धावेच्या शेवटच्या टप्प्यात चढतं, आणि त्या टप्प्याच्या अलीकडे थांबलं तर गुडघ्याला काम मिळतं पण चिडायला निमित्त मिळत नाही. ज्यांना पहिल्याच किलोमीटरला दुखतं त्यांना तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असा मेळ घालून सुरुवात करता येते.

वाढवायचं किती, हा पुढचा प्रश्न. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम बहुतेक धावपटूंना पाठ असतो, पण त्याचा पाया वाटतो तितका भक्कम नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये पाचशेहून जास्त नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला. एका गटाला १३ आठवड्यांत सावकाश वाढवत नेलं, दुसऱ्याला आठ आठवड्यांत. दोन्ही गटांत जखमी होणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं, साधारण पाचात एक. त्यानंतर २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट पुढे आली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका धावेची उडी जास्त महागात पडते. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून लांब धाव घेतली की दुखापतीची शक्यता ठळकपणे वाढलेली दिसली. हा अभ्यास सगळ्याच दुखापतींचा होता, फक्त वाटीच्या दुखण्याचा नव्हे. तरी बाईंच्या वहीत नजर आधी ३६ या बेरजेवर गेली असली, तरी जास्त संशय बारावरून सोळावर मारलेल्या त्या घाटातल्या उडीवर घ्यायला हवा, हे त्यातून कळतं.

म्हणून त्यांच्या वेळापत्रकात दोन पथ्यं होती. सर्वांत लांब धाव एका वेळी एक किलोमीटरहून जास्त वाढवायची नाही. आणि एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची. आधी अंतर, अंतर स्थिरावलं की वेग, मग चढ, आणि उतार सगळ्यांत शेवटी. पहिले दोन आठवडे १६ किलोमीटर, तिसऱ्यात १७, चौथ्यात १९. साताऱ्याची स्पर्धा अर्थातच सोडून द्यावी लागली. हे सांगणं फिजिओथेरपिस्टला अवघड जातं आणि ऐकणं धावपटूला त्याहून. पण घाटातला उतार हाच जिथे मुख्य भार, तिथे आठ-दहा आठवड्यांत पोचायचा हट्ट धरण्यात शहाणपण नव्हतं.

किलोमीटरचा हिशेब बसला की खुब्याकडे वळायचं. गुडघा दुखतो आणि व्यायाम खुब्याचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पूर्वी समज असा होता की वाटीच बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणून मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू बळकट करून तिला जागेवर ओढायचं. कॅलिफोर्नियातले संशोधक ख्रिस्तोफर पॉवर्स यांनी २००३ मध्ये, वाटी बाहेर सरकणाऱ्यांचं एमआरआय पायावर वजन असताना घेतलं. तेव्हा उलटच दिसलं. वाटी जवळजवळ जागेवर होती आणि तिच्याखालचं मांडीचं हाड आत वळत होतं. गाडी रुळांवरून घसरण्याऐवजी रूळच गाडीखालून सरकावेत, तसं. मांडीचं हाड आत वळू न देण्याचं काम खुब्याच्या मागच्या आणि बाजूच्या स्नायूंचं, म्हणजे नितंबाचा मोठा स्नायू आणि त्याच्या वर बाजूला असलेला मधला स्नायू यांचं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणखी एका गटानं हे दुखणं असलेल्या तरुणींच्या खुब्याची ताकद मोजली. पाय बाजूला उचलण्याची ताकद निरोगी मुलींपेक्षा २६ टक्क्यांनी कमी आणि मांडी बाहेर वळवण्याची ३६ टक्क्यांनी कमी आढळली.

इथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांना अजून दुखत नाही अशांची ताकद आधी मोजून नंतर कुणाचं दुखतं हे पाहिलं, तेव्हा कमजोर खुब्याचेच गुडघे जास्त दुखले असं ठामपणे दिसलं नाही. म्हणजे कमजोरी हे दुखण्याचं कारण असण्याऐवजी निदान काही जणांत परिणाम असावी. दुखतं म्हणून माणूस तो पाय कमी वापरतो आणि स्नायू ढिला पडतो. तरीही हे व्यायाम केल्यावर दुखणं कमी होतं, याला चांगला आधार आहे. अमेरिकन फिजिओथेरपिस्टांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खुबा आणि गुडघा दोन्हींचे व्यायाम एकत्र करावेत असं म्हटलं आहे, आणि सुरुवातीला गुडघा चिडलेला असताना खुब्याच्या व्यायामांना झुकतं माप दिलं आहे. त्यामागचं व्यवहारी कारण असं, की खुब्याचे स्नायू गुडघा फार न वाकवता बळकट करता येतात.

फिजिओथेरपिस्टनं बाईंना आरशासमोर साधारण वीतभर उंचीच्या पायरीवर उजव्या पायावर उभं केलं. डाव्या पायाची टाच सावकाश खाली जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचं. तिसऱ्या वेळी आरशात स्पष्ट दिसलं. उजवा गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत झुकत होता आणि कमरेची डावी बाजू खाली कलत होती. डाव्या पायावर हेच केलं तेव्हा गुडघा दुसऱ्या बोटाच्या सरळ वर राहिला. ही परीक्षा निदान करत नाही, पण सुधारणा मोजायला चांगली. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर सहा आठवड्यांनी तुलना करता येते.

पहिला व्यायाम कुशीवर झोपून पाय उचलण्याचा. दिसायला सोपा, आणि म्हणूनच बहुतेकांचा चुकतो. डाव्या कुशीवर झोपायचं, डावा गुडघा वाकवलेला, पाठ भिंतीला टेकलेली. उजवा पाय सरळ ठेवून टाच भिंतीला लावायची आणि भिंतीवरून घासत वर न्यायची, एक-दीड फूट, त्याहून जास्त नाही. पाऊल छताकडे वळलं किंवा पाय शरीराच्या पुढे आला, की काम खुब्याच्या पुढच्या स्नायूकडे जातं आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो मागचा स्नायू बसून राहतो. बरोबर चाललंय हे कळायची खूण सोपी आहे. थकवा पँटच्या मागच्या खिशाच्या वरच्या कोपऱ्यात जाणवला पाहिजे. तो मांडीच्या पुढे जाणवत असेल तर पाय पुढे आला आहे.

दुसरा व्यायाम पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा, आधी दोन्ही पायांवर आणि ते सोपं झालं की एकेका पायावर. तिसरा घोट्यांच्या वर रबरी बँड अडकवून, गुडघे किंचित वाकवून, बाजूला पावलं टाकत चालण्याचा. प्रत्येकाचे दहा-बारा वेळा असे तीन फेरे, आठवड्यात तीन दिवस, एकाआड एक. शेवटचे दोन उचलताना कष्ट पडायला हवेत. तीस-चाळीस वेळा सहज जमत असेल तर ताकद वाढत नाही. मग घोट्याला वजनाचा पट्टा बांधायचा किंवा जाड बँड घ्यायचा. इथेच अनेकांचं गाडं अडतं. महिनाभर तोच हलका बँड, तेच दहा वेळा, आणि मग "व्यायाम केले पण फरक नाही" ही तक्रार. खरी ताकद वाढायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. बाईंना चौथ्या आठवड्यात दुखणं कमी झाल्यावर त्याच पायरीवरून उतरण्याचा व्यायामही दिला, आरशासमोर, गुडघा दुसऱ्या बोटाच्या वर ठेवून. त्यातून मांडीच्या पुढच्या स्नायूलाही काम मिळालं. तो वगळून चालत नाही.

धावण्याच्या ढबीत एकच बदल केला. पावलं थोडी लहान आणि जलद. त्यांची पावलं मिनिटाला १५८ पडत होती, ती १६६-१६७ च्या आसपास आणली. वेग तोच ठेवून पावलं दहा टक्क्यांनी वाढवली तर वाटीवरचा दाब साधारण सातव्या हिश्शानं कमी होतो, असं मोजमाप आहे. एकदम दहा टक्के वाढवलं की मात्र धाप लागते आणि पोटऱ्या भरून येतात, म्हणून पाच टक्क्यांवर थांबले.

पाचवा आठवडा बिघडला, आणि तो बिघडला घरात. किलोमीटर ठरल्याप्रमाणे २०, सगळे सपाटीवर. पण गौरी-गणपती होते. चार दिवस जिन्यावरून चढउतार, मखरापुढे उठबस, पाटावर बसून मोदक वळणं. विसर्जनानंतरच्या सकाळी जिना चारवर दुखला. वहीत धावण्याची चूक शोधून सापडेना, कारण ती तिथे नव्हतीच. वाटीला दाब कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. सुट्टीच्या दिवशी सिंहगड चढून उतरणं हीसुद्धा मोठी धावच धरायला हवी, कारण उतरताना वाटीला तासभर तेच काम करावं लागतं. उपाय साधा होता. सहावा आठवडा पुन्हा १६ किलोमीटरवर, पायरीचा व्यायाम आठवडाभर बंद, कुशीवरचे व्यायाम चालू. दहा दिवसांत जिना एकवर आला. असे चढउतार होतातच. सगळं सोडून देऊन पुन्हा शून्यापासून सुरू केलं असतं तर गेलेले चार आठवडे वाया गेले असते.

आठव्या आठवड्यात बेरीज पुन्हा २२ झाली, पण आता चार दिवसांत वाटलेली, आणि सर्वांत लांब धाव सातची. बाराव्या आठवड्यात २६, त्यात रविवारचे दहा. पायरीवरच्या व्हिडिओत उजवा गुडघा अजून थोडा आत येत होता, दुखत मात्र नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ज्यांचं दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं असतं त्यांना इतक्या लवकर उतार पडेलच असं नाही. या दुखण्यात वर्षभरानंतरही थोडंफार दुखत राहणाऱ्यांची संख्या लहान नाही, आणि जितका उशीर तितकं ते चिवट होतं. वाटीभोवती लावायच्या चिकटपट्टीनं किंवा बुटात घालायच्या आधारानं पहिले काही आठवडे बरं वाटतं, पण किलोमीटर आणि व्यायामांची जागा ते घेत नाहीत.

आता बाईंच्या डोळ्यांसमोर जानेवारीतली मुंबईची अर्धमॅरेथॉन आहे. खुब्याचे व्यायाम आठवड्यात दोनदा चालू आहेत. तेराव्या आठवड्यात चढ सुरू झाला. तळजाईच्या टेकडीवर धावत वर जायचं आणि चालत खाली यायचं. दोन आठवडे सकाळचा जिना शांत राहिला, तर टेकडीचा शेवटचा दोनशे मीटरचा उतार लहान पावलांनी धावत उतरायचा आणि त्या आठवड्यात बाकी काहीही वाढवायचं नाही.